आयनिक घन पदार्थांच्या द्रवणांकाचा क्रम कसा लावायचा? जालक ऊर्जा, प्रभार आणि त्रिज्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवताना "पुढील संयुगे द्रवणांकाच्या चढत्या क्रमाने लिहा" हा प्रश्न मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, मोजदाद नाही. मुलांना नियम पाठ असतो: प्रभार जास्त तर द्रवणांक जास्त, आयन लहान तर द्रवणांक जास्त. मग एखादं पोर पुस्तकाच्या मागचं कोष्टक उघडतं आणि विचारतं, "मग मॅग्नेशिअम क्लोराइड मिठाच्या आधी कसं वितळतं?" हा प्रश्न विचारणाऱ्याला विषय खरोखर कळायला लागलेला असतो, आणि त्याला "तो अपवाद आहे" एवढं सांगून खाली बसवणं मला पटत नाही. म्हणून वर्गात आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात आहे, खरी गंमत मध्यानंतर आहे.

जालक ऊर्जा म्हणजे नेमकं काय?

एक मोल घन पदार्थ घ्या आणि त्यातला प्रत्येक आयन दुसऱ्यापासून इतका लांब न्या की कुणाचं कुणाशी आकर्षण उरणार नाही. म्हणजे घनापासून थेट वायुरूप सुटे आयन. त्याला लागणारी ऊर्जा ही जालक ऊर्जा. साध्या मिठासाठी, NaCl साठी, ती सुमारे 787 किलोज्यूल प्रति मोल आहे.

काही पुस्तकांत हाच आकडा उणे चिन्हाने येतो. तिथे उलटी क्रिया धरलेली असते: सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना बाहेर पडणारी ऊर्जा. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच उत्तरात दोन्ही मिसळू नका. या पानावर सगळे आकडे धन आहेत.

"वायुरूप सुटे आयन" हे शब्द लक्षात ठेवा. वितळताना असं काहीही घडत नाही, आणि पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

प्रभार आणि त्रिज्या, आधी काय बघायचं?

आधी प्रभार, आणि यामागे साधा हिशोब आहे.

दोन विरुद्ध प्रभारांमधली आकर्षणाची ऊर्जा कूलोमच्या नियमाने प्रभारांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि त्यांच्यातल्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर म्हणजे धन आयनाची त्रिज्या अधिक ऋण आयनाची त्रिज्या. एकाच प्रकारच्या स्फटिकांची तुलना असेल तर एवढं पुरतं:

```
U ∝ (z+ × z−) / (r+ + r−)
```

आता यातला भाजक किती हलू शकतो ते बघा. अल्कली धातूंच्या हॅलाइडांमध्ये सगळ्यात कमी अंतर LiF चं, 76 अधिक 133 म्हणजे 209 पिकोमीटर. सगळ्यात जास्त CsI चं, 167 अधिक 220 म्हणजे 387 पिकोमीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं तरी अंतर दुप्पटसुद्धा होत नाही. अंशाचं तसं नाही. दोन्ही आयनांवर एकाऐवजी दोन प्रभार आला की गुणाकार एकदम 1 वरून 4 वर जातो. बेरिअम ऑक्साइडमध्ये अंतर चांगलं 275 पिकोमीटर आहे, तरी 4/275 हे 1/209 च्या तिप्पट भरतं. म्हणजे BaO सारखा मोठ्या आयनांचा ऑक्साइडसुद्धा LiF सारख्या सगळ्यात आवळ हॅलाइडला मागे टाकतो, आणि द्रवणांकातही तसंच दिसतं: BaO सुमारे 1920 अंश सेल्सिअसला वितळतो, LiF 848 अंशाला.

प्रभाराचा परिणाम एकटा बघायचा असेल तर मला NaF आणि CaO ही जोडी फार आवडते. NaF मध्ये अंतर 102 + 133 = 235 पिकोमीटर, CaO मध्ये 100 + 140 = 240. जवळजवळ सारखंच. दोघांचीही रचना मिठासारखी, प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा शेजारी. फरक फक्त प्रभाराचा. सूत्राने जालक ऊर्जा सुमारे 3.9 पट यायला हवी. प्रत्यक्षात NaF ची 923 आणि CaO ची सुमारे 3400 किलोज्यूल, म्हणजे 3.7 पट. एवढ्या साध्या सूत्रासाठी हे फारच जवळचं उत्तर आहे. आणि द्रवणांक? NaF 993 अंशाला वितळतो. CaO म्हणजे आपली चुनकळी, ती सुमारे 2600 अंशांपर्यंत घनच राहते. एकोणिसाव्या शतकात नाटकाच्या रंगमंचावर उजेड पाडायला हिचाच गोळा हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्वालेत तापवत असत. गोळा पांढराशुभ्र तेजाळायचा, पण वितळून खाली ओघळायचा नाही. 'लाइमलाइट' हा शब्द तिथलाच.

त्रिज्या कुठून घ्यायच्या? अणूची त्रिज्या घेतली तर चालेल का?

नाही. आयनाचीच घ्या, आणि सगळ्या एकाच कोष्टकातून घ्या. इथे मी शॅननच्या 1976 च्या कोष्टकातल्या, सहा शेजारी असलेल्या आयनांच्या त्रिज्या वापरल्या आहेत. वेगवेगळ्या कोष्टकांत धन आणि ऋण आयनांची वाटणी वेगळी केलेली असते, त्यामुळे सोडिअम एका पुस्तकातून आणि क्लोरीन दुसऱ्यातून घेतलं की बेरीज बिघडते.

अणूची त्रिज्या घेण्याची चूक लवकर सापडत नाही, म्हणून ती जास्त त्रास देते. सोडिअम अणूची त्रिज्या 186 आणि क्लोरीनची 99 घेतलीत तर बेरीज 285 येते. आयनांच्या त्रिज्यांची बेरीज 102 + 181 = 283. उत्तर बरोबर आल्यासारखं वाटतं! सोडिअमने इलेक्ट्रॉन गमावून जितकं आकुंचन पावलं, जवळजवळ तितकंच क्लोरीन फुगलं, म्हणून बेरीज जुळली. पण याच मुलाला पुढे "यातला मोठा आयन कोणता?" असं विचारलं की तो सोडिअम सांगतो, आणि खाली येणारी लिथिअम व चांदीची प्रकरणं त्याला उलटी दिसायला लागतात. बेरीज जुळली तरी त्रिज्या बरोबर घेतल्या असतीलच असं नाही.

एक उदाहरण सोडवून दाखवाल का?

KBr, MgO, NaF, CaO आणि NaCl. ही पाच मी मुद्दाम निवडली आहेत, कारण पाचांचीही स्फटिक रचना एकच आहे आणि पाचांमध्येही धन-ऋण आयनांचं प्रमाण एकास एक आहे. प्रभारांचा गुणाकार भागिले अंतर, आणि आकडा हाताळायला सोपा व्हावा म्हणून त्याला हजाराने गुणलं आहे.

| संयुग | प्रभारांचा गुणाकार | अंतर (पिकोमीटर) | गुणोत्तर × 1000 | द्रवणांक (अंश सेल्सिअस) |
|---|---|---|---|---|
| KBr | 1 | 138 + 196 = 334 | 3.0 | 734 |
| NaCl | 1 | 102 + 181 = 283 | 3.5 | 801 |
| NaF | 1 | 102 + 133 = 235 | 4.3 | 993 |
| CaO | 4 | 100 + 140 = 240 | 16.7 | सुमारे 2600 |
| MgO | 4 | 72 + 140 = 212 | 18.9 | सुमारे 2850 |

क्रम तंतोतंत जुळतो. परीक्षेत हे आकडे मिळणार नाहीत, पण त्यांची गरजही नाही. आधी प्रभाराने दोन गट पाडा: ऑक्साइड वर, हॅलाइड खाली. मग प्रत्येक गटात आवर्तसारणीकडे बघा. कॅल्शिअम मॅग्नेशिअमच्या खाली आहे, म्हणून मोठा, म्हणून CaO हा MgO च्या मागे. सोडिअमचे दोन क्षार आहेत, त्यात फ्लोराइड आयन क्लोराइडपेक्षा लहान, म्हणून NaF पुढे. KBr मध्ये दोन्ही आयन मोठे, म्हणून तो तळाला. क्रम लागला.

ऑक्साइडांसमोर "सुमारे" का लिहिलं, असंही मुलं विचारतात. अडीच-तीन हजार अंशांवर तापमान मोजणं अवघड असतं, म्हणून वेगवेगळ्या संदर्भांत पाच-पन्नास अंशांचा फरक दिसतो. त्याने क्रम बदलत नाही.

MgO ची जालक ऊर्जा मिठाच्या जवळजवळ पाचपट आहे. मग द्रवणांक पाचपट का नाही?

दोन गोष्टी आहेत. पहिली छोटी: अंश सेल्सिअसमध्ये पट काढू नका, केल्विनमध्ये काढा. मीठ 1074 केल्विनला वितळतं, MgO सुमारे 3125 ला. म्हणजे 2.9 पट.

दुसरी मोठी, आणि या पानावरचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उत्तर हेच आहे. मीठ वितळतं तेव्हा त्याचे आयन सुटून एकमेकांपासून लांब जात नाहीत. वितळलेल्या मिठातही प्रत्येक सोडिअमला क्लोराइडांनी वेढलेलंच असतं. शिस्तीची ओळ मोडते, शेजारी थोडे कमी होतात, जागा बदलत राहतात. पण आकर्षणाचा बहुतेक भाग जागच्या जागी असतो. आकड्यांत सांगायचं तर जालक पूर्ण मोडायला 787 किलोज्यूल लागतात आणि एक मोल मीठ वितळवायला फक्त 28 किलोज्यूल. साडेतीन टक्क्यांच्या आसपास!

मग द्रवणांक कशावर ठरतो? वितळायला लागणारी उष्णता भागिले वितळताना वाढणारी एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्था. एकास एक आयनांच्या या क्षारांमध्ये ती वाढ साधारण सारखीच असते, मोलमागे प्रतिकेल्विन 25 ज्यूलच्या आसपास. म्हणून द्रवणांक वितळण्याच्या उष्णतेच्या मागे चालतो. मिठाला 28 किलोज्यूल, MgO ला सुमारे 77. 77 भागिले 28 करा: 2.75. वर आलेल्या 2.9 पटीच्या अगदी जवळ.

म्हणजे जालक ऊर्जा द्रवणांक थेट ठरवत नाही. घन आणि द्रव यांच्या ऊर्जेतला छोटा फरक तो ठरवतो. बहुतेक वेळा जालक ऊर्जा मोठी असली की हा फरकही मोठा असतो, म्हणून आपला नियम चालतो. द्रवात आयनांना घनाइतकीच सोय मिळाली, की नियम घसरतो. खालचे सगळे "अपवाद" हीच एक गोष्ट वेगवेगळ्या रूपांत सांगतात.

मीठ निखाऱ्यावर टाकलं की तडतडतं. ते वितळणं असतं का?

दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांचा हा प्रश्न असतो. नाही. मिठाच्या खड्यात पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो, तोच आवाज.

खरं वितळणं बघायचं तर चिनी मातीच्या मुशीत थोडं मीठ घेऊन प्रयोगशाळेतल्या जोरदार बर्नरवर शिक्षकांसमोर तापवावं लागतं. आधी तडतड होते, मग बराच वेळ काहीच होत नाही, मूस तळाशी लाल होते, आणि मग कडेचे दाणे पाण्यासारख्या नितळ द्रवात बुडायला लागतात. साध्या काचेच्या परीक्षानळीत हे करू नका. मीठ वितळायच्या आधी नळीच मऊ पडते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 801 हा आकडा पाठ करावा लागत नाही.

लिथिअम सगळ्यात लहान. मग LiF चा द्रवणांक NaF पेक्षा कमी का?

LiF ची जालक ऊर्जा 1030 च्या पुढे आहे, NaF ची 923. त्या क्रमात गडबड नाही. द्रवणांक मात्र 848 आणि 993. क्लोराइडांमध्येही हेच: LiCl सुमारे 610 अंशाला वितळतं, मीठ 801 ला.

आता वरच्या उत्तरातली फूटपट्टी लावा. NaF वितळवायला मोलमागे सुमारे 33 किलोज्यूल लागतात, LiF ला 27. जालक जास्त घट्ट, तरी वितळवणं स्वस्त. कारण इवल्याशा लिथिअमला सहा शेजाऱ्यांची फारशी गरज नसते. द्रवात शेजारी कमी होऊन चारच्या आसपास आले, तर ते त्याला आणखी जवळून बिलगतात, आणि गमावलेलं आकर्षण बऱ्याच अंशी भरून निघतं. सोडिअम मोठा आहे; त्याचे शेजारी कमी झाले की तेवढी भरपाई होत नाही. LiCl, LiBr, LiI मध्ये आणखी एक भर पडते: लिथिअम इतका लहान की त्याच्याभोवतीचे मोठे ऋण आयन एकमेकांनाच टेकायला लागतात आणि घनातच ढकलाढकल सुरू होते.

उत्तरपत्रिकेसाठी एवढं: जालक ऊर्जेचा क्रम विचारला तर LiF > NaF > KF बिनधास्त लिहा. द्रवणांक विचारला तर लिथिअमपाशी थांबा. सोडिअमपासून खाली नियम पुन्हा नीट चालतो: NaCl 801, KCl 770, RbCl सुमारे 715, CsCl 645.

MgCl₂ ची जालक ऊर्जा 2526 आणि NaCl ची 787. तरी MgCl₂ 714 अंशालाच कसं वितळतं?

सुरुवातीला सांगितलेला प्रश्न हाच. यात दोन चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्या सोडवून बघू.

पहिली चूक मोजणीची. 787 हा दोन मोल आयनांचा हिशोब आहे, एक सोडिअम आणि एक क्लोराइड. 2526 हा तीन मोल आयनांचा: एक मॅग्नेशिअम, दोन क्लोराइड. एका घरात दोन माणसं आणि दुसऱ्यात तीन असताना दोन्ही घरांच्या किराण्याचं बिल थेट शेजारी ठेवण्यासारखं हे आहे. आयनांच्या संख्येने भागलं तर 394 आणि 842 येतात. तिपटीहून जास्त दिसणारा फरक दुपटीवर आला. तरीही MgCl₂ च पुढे आहे, म्हणजे एवढ्याने कोडं सुटत नाही.

दुसरी चूक रचनेची. NaCl मध्ये धन-ऋण आयन तिन्ही दिशांना आलटून पालटून येतात. MgCl₂ चा स्फटिक थरांचा असतो: क्लोराइडांचा एक पापुद्रा, मध्ये मॅग्नेशिअम, पुन्हा क्लोराइडांचा पापुद्रा, आणि असा थर संपला की पुढच्या थराची सुरुवात पुन्हा क्लोराइडांनीच. दोन थरांच्या सीमेवर क्लोराइडसमोर क्लोराइड. तिथे धरून ठेवणारं आकर्षण दुबळं. असं का होतं? दोन प्रभारांचा लहानसा मॅग्नेशिअम मोठ्या, मऊ क्लोराइडचा इलेक्ट्रॉन-ढग आपल्याकडे ओढतो. बंधात सहसंयुज अंश येतो, आणि तसा बंध सगळ्या दिशांना सारखा पसरत नाही. लहान धन आयन, मोठा ऋण आयन आणि जास्त प्रभार असला की ही ओढ वाढते, हे फायन्सने 1923 मध्ये मांडलं.

परिणाम? MgCl₂ वितळवायला मोलमागे सुमारे 43 किलोज्यूल लागतात. तीन आयनांत वाटले तर प्रत्येकी 14. मिठाचे 28 दोघांत वाटले तरी प्रत्येकी 14! जालक कितीही बळकट दिसलं तरी वितळण्याच्या दृष्टीने दोन्ही जवळपास एकाच पायरीवर आहेत, म्हणून द्रवणांकही जवळचे: 714 आणि 801.

हे सहसंयुज अंशाचंच काम आहे याची पडताळणी क्लोराइडच्या जागी फ्लोराइड घालून करता येते. फ्लोराइड लहान आणि कडक, त्याचा ढग सहज ओढला जात नाही. MgF₂ ची रचना थरांची नाही, तिन्ही दिशांना जोडलेली आहे. द्रवणांक 1263 अंश, NaF च्या 993 पेक्षा बराच वर. तिथे प्रभाराचा नियम पुन्हा शाबूत दिसतो.

कारखानदारीतही याचा उपयोग होतो. मॅग्नेशिअम धातू विद्युत अपघटनाने काढताना वितळलेलं MgCl₂ घेतात, कारण 714 अंश गाठणं परवडतं. MgO ला 2850 अंशांपर्यंत नेऊन द्रव ठेवायला भांडं कशाचं करणार? उलट पोलादाच्या भट्ट्यांना आतून ज्या विटा लावतात, त्यात MgO च असतं.

Al₂O₃ मध्ये प्रभार 3 आणि 2. मग तो MgO च्या आधी का वितळतो?

Al₂O₃ ची जालक ऊर्जा 15,000 च्याही पुढे आहे, MgO ची सुमारे 3800. पाच आयन विरुद्ध दोन, म्हणून आधी भागाकार करा. तरी Al₂O₃ पुढेच राहतो. द्रवणांक मात्र 2072.

इथे थर वगैरे नाहीत. माणिक आणि नीलम याच जालकाचे, त्यांचा कठीणपणा सगळ्यांना माहीत आहे. फरक पुन्हा द्रवात आहे. घनात प्रत्येक अॅल्युमिनिअमभोवती सहा ऑक्सिजन असतात, द्रवात ते चार-पाचवर येतात आणि आणखी जवळ सरकतात. लिथिअमची गोष्ट आठवा, तीच इथे तीन प्रभारांसह घडते. वितळवायला आयनामागे Al₂O₃ ला सुमारे 22 किलोज्यूल लागतात आणि MgO ला 38. द्रव झाल्यावर अॅल्युमिनिअमचं फारसं बिघडत नाही, मॅग्नेशिअमचं बिघडतं.

याच मालिकेत AlCl₃ बघा. प्रभार 3, आयन लहान, ऋण आयन मोठा आणि मऊ. सहसंयुज अंश इतका वाढतो की साध्या दाबाला ते 180 अंशांच्या आसपास वितळायच्या ऐवजी थेट वायूत जातं. NaCl, MgCl₂, AlCl₃ असा क्रम विचारला आणि कुणी "प्रभार वाढतो म्हणून द्रवणांक वाढतो" असं लिहिलं, तर पूर्ण क्रम उलटा होतो. ही चूक मी दरवर्षी तपासते.

चांदीचा आयन सोडिअमपेक्षा थोडाच मोठा. मग AgCl 455 अंशालाच का वितळतं?

त्रिज्येच्या हिशोबाने Ag⁺ 115 पिकोमीटर, म्हणजे सोडिअम आणि पोटॅशिअमच्या मधला. रचनाही मिठासारखीच, प्रभारही एकच. म्हणजे 770 आणि 801 च्या मधलं उत्तर यायला हवं.

यात प्रभार आणि त्रिज्या दोन्ही निर्दोष आहेत. चुकतं ते "आयन म्हणजे कडक गोळी" हे गृहीतक. Ag⁺ च्या बाहेरच्या कवचात दहा d-इलेक्ट्रॉन आहेत आणि ते आतल्या केंद्रकाला नीट झाकत नाहीत. त्यामुळे तो क्लोराइडचा ढग सोडिअमपेक्षा खूप जास्त ओढतो. AgCl ची प्रयोगातून, बॉर्न-हेबर चक्राने काढलेली जालक ऊर्जा 900 च्या पुढे येते, निव्वळ आयनिक हिशोबापेक्षा जास्त आणि मिठापेक्षाही जास्त. द्रवणांक मात्र खाली. एकाच पदार्थात दोन्ही बाजूंनी नियम मोडलेला दिसतो.

प्रयोगशाळेत हे ओळखायची एक सोपी खूण आहे. NaCl, NaBr, NaI तिन्ही पांढरे. AgCl पांढरं, AgBr फिकट पिवळसर, AgI पिवळं. साध्या धातूचा आणि रंगहीन ऋण आयनाचा क्षार रंगीत दिसला, पाण्यात विरघळेना झाला, की समजा इथे इलेक्ट्रॉन-ढग ओढला गेलाय आणि प्रभार-त्रिज्येचा हिशोब द्रवणांकासाठी वापरायचा नाही.

मग क्रम लावण्याआधी काय तपासायचं?

मी मुलांना तीन गोष्टी बघायला सांगते. सगळ्यांचं आयनांचं प्रमाण सारखं आहे का, एकास एक की एकास दोन? ऋण आयन लहान-कडक आहे की मोठा-मऊ? धन आयन लिथिअम, बेरिलिअम, अॅल्युमिनिअम किंवा चांदीसारखा ओढणारा आहे का? तिन्ही ठिकाणी अडचण नसेल तर आधी प्रभार, मग त्रिज्या, आणि क्रम विश्वासाने लिहा. अडचण असेल तर जालक ऊर्जेचा क्रम आणि द्रवणांकाचा क्रम वेगळे लिहा, आणि ते वेगळे का हे एका वाक्यात सांगा.

परीक्षेत कारण किती लिहायचं?

"MgO चा द्रवणांक NaCl पेक्षा जास्त का?" यावर "कारण त्याची जालक ऊर्जा जास्त आहे" एवढंच लिहिलं तर अर्धंच उत्तर झालं; ती जास्त का, हेही लिहायला हवं. मला आवडणारं उत्तर असं: "दोन्हींची स्फटिक रचना सारखी आहे. MgO मध्ये प्रभारांचा गुणाकार 4 असून NaCl मध्ये 1 आहे. Mg²⁺ आणि O²⁻ यांच्यातील अंतरही कमी आहे. त्यामुळे आकर्षण बल जास्त, जालक ऊर्जा जास्त आणि जालक विस्कळीत करण्यास अधिक तापमान लागते." पहिलं वाक्य मुलं हमखास गाळतात. त्या वाक्यामुळेच पुढची तुलना वैध ठरते, आणि MgCl₂ च्या बाबतीत नेमकं तेच वाक्य लिहिता येत नाही.